आतली टोपी काढायची असते का?

काकू आल्या तेव्हा मी ब्लाउजला हुक लावत होते. संध्याकाळचे सव्वासात झाले असतील. त्यांच्या हातात मेडिकलची खाकी पिशवी होती आणि ती त्यांनी पदराखाली धरली होती. शिवायला काही आणलंय का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "नाही गं, सहज." मग पाच मिनिटं पावसाचं, सुनेचं, नळाला पाणी कमी येतंय त्याचं बोलणं झालं. उठायच्या बेतात आल्या तेव्हा कुठे म्हणाल्या, "एक विचारू? पण हसू नकोस हं. तूसुद्धा ते इंजेक्शन घेतेस ना?"

मी सुई-दोरा खाली ठेवला आणि आधी दार लोटून घेतलं. दार का लोटायचं, ते मला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मी न विचारलेल्या एका प्रश्नापायी नऊ दिवस माझ्या अंगात इन्सुलिनचा थेंब गेला नव्हता, आणि घेतेय असं समजून मी रोज दोन वेळा पेन पोटाला लावत होते.

सात वर्षं मी साखरेच्या गोळ्या खात होते. त्या पुरेनाशा झाल्या, उपाशीपोटीची साखर 260, 280 अशी येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. सकाळी 12 युनिट, रात्री 8 युनिट, जेवणाआधी अर्धा तास. पेन, आत घालायची रिफिल आणि सुयांचा डबा घेऊन मी बाहेर आले. तिथल्या एका माणसाने बाकावरच मला दाखवलं. आजूबाजूला दहाबारा पेशंट बसलेले. त्याच्याकडचं पेन दाखवण्यासाठी ठेवलेलं होतं, सुई आधीच लावलेली. त्याने मोठी टोपी काढली, मागचा आकडा फिरवला, हवेतच बटण दाबलं आणि म्हणाला, "कळलं ना?" मी "हो" म्हटलं.

कळलं नव्हतं. दोन गोष्टी मनात अडकल्या होत्या. सुयांच्या डब्यावर 32G असं लिहिलं होतं. मी चाळीस वर्षं शिवणकाम करते. आमच्याकडे सुती कापडाला 14 नंबरची सुई, जाड कापडाला 16 आणि जीनला 18. नंबर वाढला की सुई जाड होते. मग 32 म्हणजे केवढी? ही भीती पोटात घेऊन मी घरी आले. दुसरी गोष्ट घरी आल्यावर दिसली. सुई पेनला फिरवून बसवली, वरची मोठी टोपी काढली, तर आत प्लॅस्टिकची आणखी एक बारीक नळी होती. दवाखान्यातल्या पेनला ती नव्हती. मला वाटलं, सुई हिच्या आत आहे आणि बटण दाबलं की बॉलपेनच्या टोकासारखी बाहेर येऊन परत आत जात असेल.

नळीसकट मी पेन पोटाला टेकवलं आणि बटण दाबलं. आकडा 12 वरून शून्यावर आला. टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. त्वचेला जरा ओलं लागलं. एवढीशी ओल असणारच, असं मी धरून चालले आणि दुखलं नाही म्हणून देवाचे आभार मानले.

शंका आली नाही असं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती ओल खुपायला लागली. पण रिफिलमधलं औषध रोज बरोबर कमी होत होतं, ते काचेतून दिसत होतं. औषध पेनमधून बाहेर पडतंय म्हणजे अंगात जातंय, असा मी अर्थ लावला. प्रत्यक्षात ते त्या बारीक नळीत साठत होतं आणि तिच्या कडेने पाझरत होतं. फोन करून विचारावं असंही मनात आलं. पण जन्मभर सुई हातात धरलेल्या बाईने सुई कशी लावायची हे विचारायचं, याची लाज वाटली. बाकावर सगळ्यांदेखत "हो" म्हणून आले होते, तो शब्दही मागे घ्यायचा होता.

दहाव्या दिवशी उपाशीपोटी साखर 274. डॉक्टरांनी कागद बघितला आणि सकाळचे 12 आहेत ते 16 करावेत का, असं स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "आधी आत सिस्टरना दाखवून या, कसं घेता ते."

त्या सिस्टरांनी काय केलं ते मी तपशिलाने सांगते, कारण पुढे काकूंच्या वेळी मी त्याच वाटेने गेले. त्यांनी पहिल्यांदा खोलीचं दार लावलं. "तुम्हाला येतं का?" असं विचारलंच नाही. तसं विचारलं असतं तर मी पुन्हा "हो" म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, "घरी घेता तसंच मला करून दाखवा, मी मधे बोलणार नाही. काही ना काही राहून जातं प्रत्येकाचं. काय राहिलंय ते दोघी मिळून बघू."

मी सुई बसवली, मोठी टोपी काढली आणि पेन पोटाकडे नेलं. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. मोठी टोपी टेबलावर ठेवली, मग दोन बोटांनी ती आतली नळी ओढून काढली आणि तिच्याशेजारी ठेवली. आत सुई होती, चार मिलीमीटरची. मी ती पहिल्यांदाच बघत होते.

"ही मोठी टोपी ठेवायची, घेऊन झाल्यावर सुई काढायला लागते. ही छोटी फेकून द्यायची. तुम्हाला दाखवताना ज्या सुईवर दाखवलं तिची छोटी आधीच काढलेली असणार. जे दाखवलंच नाही ते तुम्हाला कुठून कळणार? माझ्याकडे अशा तुम्ही पहिल्या नाही आलेल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसायला वेळ दिला आणि विचारलं, "आणखी काय राहिलंय मनात?" तेव्हा मी 32 नंबरचं विचारलं. त्यांनी सांगितलं की इंजेक्शनच्या सुयांचा हिशेब उलटा असतो, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ही तर पाव मिलीमीटरपेक्षाही बारीक. माझी 16 नंबरची मशीनची सुई दांड्याला एक मिलीमीटर असते. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कानावर पडलं असतं तर नऊ रात्री मी धास्तीत काढल्या नसत्या.

मग त्यांनी मला थेंब शिकवला. दर वेळी आधी फक्त 2 युनिट लावायचे, पेन सुई वर करून उभं धरायचं, बोटाने टिचकी मारायची म्हणजे हवेचे बुडबुडे वर जातात, आणि बटण दाबायचं. सुईच्या टोकाला थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर परत 2 युनिट. थेंब दिसला की मगच आपला डोस लावायचा. हे 2 युनिट वाया जातात असं वाटतं, पण तो थेंब तीन गोष्टी सांगतो: टोपी निघालेली आहे, सुई तुंबलेली नाही आणि पेनमध्ये हवा उरलेली नाही. पहिल्याच दिवशी मी थेंब शोधला असता तर नळीच्या टोकाला तो दिसला नसता आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

त्या दिवशी डोस वाढला नाही. सिस्टरनी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि कागदावर 12 आणि 8 तसेच राहिले. वाढला असता तर काय झालं असतं हे त्यांनी मला नंतर समजावलं. 12 लागू पडत नाहीत म्हणून 16, तेही लागू पडत नाहीत म्हणून 20. आणि एखाद्या दिवशी लेक माहेरी आली, तिने टोपी काढून इंजेक्शन दिलं, तर ते 20 युनिट पहिल्यांदाच एकदम अंगात गेले असते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि साखर 70 च्या खाली. माणूस बेशुद्ध पडू शकतो. तिथून पुढे चार दिवसांत माझी उपाशीपोटीची साखर 200 च्या आत आली. महिनाभरात डॉक्टरांनी दोन-दोन युनिटांनी डोस बसवत ती 130 च्या आसपास आणली.

तर काकूंचं दार लोटलं ते यामुळे.

काकूंना इन्सुलिन सुरू होऊन सहा दिवस झाले होते. मी म्हटलं, "काकू, मी नऊ दिवस टोपीसकट इंजेक्शन घेतलं होतं. विचारा तुम्ही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी पिशवी पदराखालून काढून मांडीवर ठेवली. पहिला प्रश्न हवेचा होता. पेनमध्ये त्यांना बारीक बुडबुडा दिसला होता आणि हवा अंगात गेली तर माणूस जातो असं कोणीतरी सांगितलं होतं. सहाही दिवस त्या जीव मुठीत धरून इंजेक्शन घेत होत्या. मला सिस्टरनी जे सांगितलं होतं ते मी सांगितलं: हे इंजेक्शन शिरेत जात नाही, कातडीखालच्या चरबीत जातं. तिथे बुडबुडा गेला तर जिवाला काही होत नाही, फक्त तेवढं औषध कमी जातं. म्हणून तर आधी थेंब काढायचा.

"थेंब?" काकू म्हणाल्या. म्हणजे त्यांना थेंब माहीत नव्हता.

दुसरा प्रश्न यायला वेळ लागला. पेन बिघडलं होतं. सकाळी बटण दाबलं तर दाबलंच जाईना. अंगठा लाल होईपर्यंत जोर लावला. शेवटी सकाळचं राहून गेलं, आणि महाग पेन आपल्या हातून मोडलं म्हणून घरात कोणाला सांगितलं नाही. दुपारी मुलाला कळलं. तो मेडिकलमधून साधी सिरिंज घेऊन आला आणि रिफिलमधून हीत ओढून घे, 12 च्या रेघेपर्यंत, असं सांगून रात्रपाळीला गेला. काकूंनी पिशवीतून सिरिंज काढली. लाल टोपीची होती. "मला एवढंच विचारायचं होतं की सगळ्या सिरिंजा सारख्याच असतात ना? बारा म्हणजे बाराच ना? अडाणी प्रश्न आहे गं."

मला उत्तर ठाम माहीत नव्हतं. लाल आणि केशरी टोपीत काही फरक असतो एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "काकू, मलाही नक्की माहीत नाही. आत्ता घेऊ नका, विचारूया." सिस्टरचा नंबर माझ्याकडे होता. त्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काकूंना म्हटलं, तुमच्या तोंडानेच विचारा.

सिस्टर काकूंचं पूर्ण ऐकेपर्यंत गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फार बरं झालं विचारलंत. ती सिरिंज बाजूला ठेवा. आता सांगते का ते."

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीतलं बहुधा एका मिलीत 40 युनिटचं, पेनच्या रिफिलमधलं एका मिलीत 100 युनिटचं. म्हणजे रिफिलमधलं औषध अडीचपट दाट. लाल टोपीच्या सिरिंजवरच्या रेघा 40 च्या औषधासाठी मारलेल्या असतात, केशरी टोपीच्या 100 च्या औषधासाठी. लाल सिरिंजमध्ये 12 च्या रेघेपर्यंत ओढलं की 0.3 मिली येतं. तेवढं बाटलीतलं असेल तर 12 युनिट. रिफिलमधलं असेल तर 30. काकूंच्या अंगात 12 ऐवजी 30 युनिट गेले असते, तेही रात्री, मुलगा पाळीवर आणि सून माहेरी असताना.

काकूंनी सिरिंज हळूच पिशवीत परत ठेवली. सिस्टर पुढे म्हणाल्या की केशरी सिरिंज आहे म्हणूनसुद्धा रिफिलमधून ओढायचं नाही. रिफिल पेनसाठीच आहे, आणि सिरिंज भोसकली की आत हवा शिरते, मग पेनमधून डोस बरोबर येत नाही. ज्यांना सिरिंजनेच घ्यायचं आहे त्यांनी दर खेपेला बाटलीवरचा 40 चा आकडा आणि सिरिंजवरचा 40 चा आकडा शेजारी धरून बघायचा. दोन्ही जुळले तरच भरायचं. मुलाची काही चूक नाही, मेडिकलवाल्याने सिरिंज मागितली तर सिरिंज दिली, असंही त्या म्हणाल्या. हे ऐकून काकूंचा चेहरा सैल पडला. मुलाला कोणी बोलेल याचीच त्यांना जास्त काळजी होती.

"आता पेन बघू. ताई, सुई कधी बदलली विचारा त्यांना."

काकूंनी सहा दिवसांत सुई बदललीच नव्हती. एकच सुई पेनला लावून ठेवली होती आणि पेन टोपण लावून फ्रीजमध्ये. डब्यात सुया भरपूर होत्या, पण एक सुई चालत असताना दुसरी काढणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मला ते समजत होतं. मशीनची सुई बोथट होईपर्यंत मीही बदलत नाही. पण ही सुई इतकी बारीक असते की आत राहिलेलं औषध वाळून तिचं भोक बुजतं. बाहेरून काही दिसत नाही, फक्त बटण दाबलं जात नाही. जोर लावला तर पेन खरंच मोडेल.

सिस्टर फोनवरून सांगत होत्या, काकू करत होत्या. मी हात लावला नाही. काकूंनी मोठी टोपी लावून जुनी सुई फिरवून काढली. नव्या सुईचा कागद सोलला, सुई सरळ धरून बसवली. मोठी टोपी काढून बाजूला ठेवली. मग छोटीवर येऊन थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"ही पण काढायची ना?" त्यांनी विचारलं. काढायची हे त्यांना माहीत होतं, सहा दिवसांपूर्वी त्यांनी ती काढली होती. मी आधी माझी गोष्ट सांगितली म्हणून त्या विचारत होत्या. मी म्हटलं, "काढायची."

त्यांचं इन्सुलिन दुधासारखं गढूळ होतं, माझ्यासारखंच. असलं औषध आधी नीट मिसळावं लागतं, कारण ठेवलं की पांढरा भाग तळाशी बसतो. खरं तर हे सुई लावायच्या आधीच करायचं असतं, पण सिस्टरनाही ते तेव्हाच आठवलं. म्हणून छोटी टोपी न काढता सुई पुन्हा उतरवली. पेन दोन तळव्यांत दहा वेळा लाटल्यासारखं फिरवायचं, मग दहा वेळा खाली-वर करायचं. घुसळायचं नाही, फेस होतो. काकूंचे हात पोळ्या लाटणाऱ्याचे, त्यांना ते लगेच जमलं. रिफिलमधलं औषध एकसारखं पांढरं झालं तशी सुई परत बसवली, छोटी टोपी काढली, आकडा 2 वर नेला, पेन उभं धरलं आणि बटण दाबलं.

काही आलं नाही. काकूंच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा 2," सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या वेळी सुईच्या टोकावर पांढरट थेंब उभा राहिला. पेन मोडलेलं नव्हतं.

"मग आता सकाळचे बारा आणि रात्रीचे आठ, वीस घेऊ का?" काकूंनी विचारलं. आता "हसू नका" म्हणाल्या नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "नाही. राहिलेला डोस पुढच्यात मिळवायचा नाही. आणि कधी अर्धवट गेल्यासारखं वाटलं, किती गेलं ते कळत नसलं, तरी परत टोचायचं नाही. साखर मोजायची आणि मला किंवा डॉक्टरांना फोन करायचा." आम्ही माझ्या मशीनवर बोटाच्या थेंबाची साखर मोजली, नवी टोचणी लावून. 238 आली. सिस्टरनी रात्रीचे 8 च घ्यायला सांगितले आणि अर्ध्या तासात जेवायला बसा म्हणून बजावलं.

काकूंनी बेंबीपासून दोन बोटं सोडून जागा धरली. सुई सरळ आत घातली, बटण शून्यापर्यंत दाबलं आणि सुई तशीच ठेवून दहापर्यंत आकडे मोजले. लगेच ओढली तर औषध बाहेर ओघळतं. सहा दिवस त्या झटकन काढत होत्या, कारण हवेची भीती. डावीकडे बारीक निळसर ठिपके एकाच जागी दिसत होते. मी म्हटलं, उद्या उजवीकडे घ्या आणि दर वेळी एक बोट सरकत जा. त्याच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते आणि गाठीत गेलेलं औषध कधी लागतं, कधी लागत नाही.

निघताना त्यांनी वापरलेल्या दोन सुया कागदात गुंडाळायला घेतल्या. मी माझी बरणी दाखवली, जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची. केरात सुटी सुई टाकली तर कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हाताला लागते. बरणी भरली की मी झाकणाला चिकटपट्टी लावून दवाखान्यात देते. फ्रीजबद्दलही बोलणं झालं: न उघडलेल्या रिफिली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. वापरातलं पेन घरात सावलीत ठेवलं तरी महिनाभर चालतं, आणि गार औषध जरा जास्त झोंबतं. गोठलेलं औषध मात्र वितळलं तरी वापरायचं नाही. काकूंना रात्रपाळीच्या घरात एकटीला काही झालं तर काय, हेही विचारायचं होतं. घाम सुटला, हात थरथरले, एकदम भूक लागली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. मी त्यांना माझ्या उशाशी असते तशी साखरेची डबी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. काकूंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"आला," म्हणाल्या, "पहिल्याच खेपेला आला थेंब. आता हे सांग, आंघोळ आधी करू का इंजेक्शन आधी घेऊ?"